एका कंटेनरला डॉलरचे चार भाव

ऑगस्ट २०२२ चा शेवटचा आठवडा होता आणि मी भोसरीच्या आमच्या युनिटमध्ये महिनाअखेरचं स्टॉक स्टेटमेंट काढत बसले होते. पीओएम या प्लास्टिकच्या दाण्यासमोर इश्यू रेट, म्हणजे स्टोअरमधून मोल्डिंगला दाणा ज्या भावाने दिल्याचं धरतात तो भाव, दिसला १९३ रुपये ०८ पैसे किलो. आधी वाटलं टायपिंगची चूक असेल, म्हणून पुन्हा रिपोर्ट काढला, तोच आकडा. आता गंमत अशी की हा दाणा आम्ही १९३ ला कधी घेतलाच नव्हता. आधीचा लॉट १६७ ला पडला होता आणि नवीन लॉटचा सगळा हिशोब मी स्वतः दोन दिवस आधी बसून केला होता, तो १८७ ला पडत होता. मग १६७ आणि १८७ च्या सरासरीत १९३ कुठून येणार? सरासरी ही नेहमी दोन्हीच्या मधेच असते ना. दोन्हीच्या वर गेली म्हणजे कुठेतरी मोठी गडबड आहे, हे त्या क्षणी कळलं, पण कुठे ते कळायला पुढचे चार दिवस गेले.

तेच सगळं लिहितेय, कारण लहान युनिटमध्ये इम्पोर्टचा माल येतो तेव्हा हे असंच होतं आणि बऱ्याच ठिकाणी कुणाच्या लक्षातही येत नाही. आकडे गोल केलेत, म्हणजे वाचताना त्रास नको, पण प्रमाण तेच आहे.

आम्ही गाड्यांसाठी लागणारे प्लास्टिकचे लहान गिअर मोल्ड करतो, माल जातो चाकणला. पीओएम म्हणजे पॉलिअॅसिटल, गिअरला हाच दाणा लागतो कारण झिजतो कमी आणि माप धरून ठेवतो. तो आम्ही तैवानवरून आणतो, काऊशुंग बंदरातून न्हावाशेवाला. वीस फुटी एक कंटेनर, पंचवीस किलोची ६४० पोती, म्हणजे १६ हजार किलो. भाव एफओबी, म्हणजे तिकडच्या बंदरात जहाजावर चढवून दिलेल्या मालाचा, २ डॉलर किलो, म्हणजे इनव्हॉइस ३२ हजार डॉलरचं. एफओबी असल्यामुळे तिथून पुढचं जहाजाचं भाडं आणि विमा आमच्याकडे. भाडं २,३६० डॉलर लागलं (२०२२ मध्ये भाडी चढलेलीच होती), विमा साधारण ४० डॉलरच्या हिशोबाने ३,२०० रुपये.

कंटेनर गेटमधून आत आला २२ जुलैला. स्टोअरच्या काकांनी पोती मोजली, जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करायला घेतला आणि मला फोन, "ताई, रेट काय टाकू?" आता त्या दिवशी माझ्याकडे काय होतं, तर सप्लायरचं इनव्हॉइस आणि कस्टम्सकडे भरलेल्या बिल ऑफ एंट्रीची कॉपी, बास. जहाजाची सोय बघणाऱ्या फॉरवर्डरचं बिल नाही, कस्टम्सचं काम करणाऱ्या सीएचएचं बिल नाही, बंदराबाहेर कंटेनर ठेवतात त्या सीएफएसचं नाही, ट्रान्सपोर्टचं नाही. मग आमच्याकडे साहेबांनी पूर्वीपासून ठरवून दिलेला एक हिशोब होता तो लावला: डॉलरचा भाव गुणिले एफओबी आणि वर दहा टक्के. ७८ गुणिले २ म्हणजे १५६, वर दहा टक्के, १७१ रुपये ६० पैसे. काकांनी तो टाकला, शिल्लक होता ४ हजार किलो जुना दाणा १६७ चा, सिस्टीमने दोन्हीची वेटेड अॅव्हरेज, म्हणजे किलोच्या प्रमाणात सरासरी, काढली आणि इश्यू रेट झाला १७०.६८. दुसऱ्या दिवसापासून मोल्डिंग शॉपला त्याच रेटने दाणा जायला लागला.

खरी बिलं यायला पाच आठवडे लागले. आणि दरम्यान अकाउंट्सने कस्टम ड्युटी भरली ती सरळ "कस्टम ड्युटी" नावाच्या खर्चाच्या खात्यात टाकून ठेवली होती, भाडं "फ्रेट इनवर्ड" मध्ये. मालाला त्यातलं काहीच चिकटलं नव्हतं. ऑगस्टच्या शेवटी मी हे सगळं एकत्र काढून फाइल लावायला बसले तेव्हा पहिल्यांदा दिसलं की एकाच कंटेनरच्या कागदांवर डॉलरचे वेगवेगळे भाव आहेत. इनव्हॉइस बुक केलंय ७८ ने. बिल ऑफ एंट्रीवर ८०. फॉरवर्डरच्या बिलावर ८१ रुपये ५० पैसे. आणि चौथा भाव अजून यायचा होता, कारण सप्लायरचे पैसे द्यायला आम्हाला बी एलच्या, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या, तारखेपासून १२० दिवस होते.

यातला कुठला खरा? मी तेव्हा हाच प्रश्न आमच्या कॉस्ट अकाउंटंट सरांना विचारला, ते महिन्यातून दोनदा येतात. सर म्हणाले चारही खरे आहेत, फक्त प्रत्येकाची जागा वेगळी आहे, जागा चुकली की हिशोब चुकला.

ते मला नीट कळलं ते असं. माल आमचा कधी झाला? एफओबी आहे, म्हणजे जहाजावर चढला तेव्हा जोखीम आमच्याकडे आली. बी एलची तारीख १६ जून, त्या दिवशी डॉलर ७८ होता, म्हणून मालाची किंमत ७८ ने धरायची, ३२ हजार गुणिले ७८, २४ लाख ९६ हजार. पुढे डॉलर काहीही होवो, मालाची किंमत तिथे थांबली. कस्टम्सचं वेगळं असतं. त्यांना आमच्या बुकिंगच्या भावाशी काही देणंघेणं नाही, ते स्वतःचा भाव जाहीर करतात, तेव्हा महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी जाहीर व्हायचा आणि दुसऱ्या दिवसापासून लागू, आणि बिल ऑफ एंट्री ज्या दिवशी भरली त्या दिवशीचा जो असेल तो लागतो. आमची जुलैच्या मध्यात भरली, ८० ने. पण हा ८० फक्त ड्युटी काढण्यापुरता. मी पहिल्या कच्च्या हिशोबात अख्ख्या मालाची किंमतच ८० ने धरली होती, बिल ऑफ एंट्रीवर छापलेली किंमत बघून, आणि ६४ हजार जास्त आले होते. बिल ऑफ एंट्रीवर जी किंमत असते ती ड्युटीसाठीची असेसेबल व्हॅल्यू असते, आपली खरेदी किंमत नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवले की सारखेच वाटतात त्यामुळे चूक पटकन होते.

फॉरवर्डरचा ८१.५० हा त्यांचा स्वतःचा भाव, बँकेपेक्षा ते वर धरतातच. तो मान्य करावा लागतो कारण तेवढे रुपये आपण खरोखर देतो. २,३६० गुणिले ८१.५०, म्हणजे १ लाख ९२ हजार ३४० रुपये, हेच भाडं धरायचं. (बोलाचाली करायला इथे जागा आहे. पुढच्या वेळी आम्ही भाड्याच्या कोटेशनमध्येच लिहून घेतलं की डॉलरचा भाव कुठला लावणार.)

आता ड्युटी. कस्टम्स ड्युटी लावतं ती सीआयएफवर, म्हणजे एफओबी अधिक भाडं अधिक विमा. आमचं सीआयएफ ३४,४०० डॉलर, ८० ने २७ लाख ५२ हजार. त्यावर बेसिक ड्युटी साडेसात टक्के, २ लाख ६ हजार ४०० आणि त्या ड्युटीवर दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, २० हजार ६४०. दोन्ही मिळून २ लाख २७ हजार ४०. सरचार्ज मालाच्या किमतीवर नाही, ड्युटीवर लागतो, म्हणजे दोन्ही मिळून सव्वाआठ टक्के होतात, साडेसतरा नाही. मग या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी १८ टक्के, ५ लाख ३६ हजार २२७ रुपये. हा आयजीएसटी आम्हाला क्रेडिट मिळतो म्हणून मालाच्या किमतीत धरायचा नाही. पण बँकेतून जातो मात्र त्याच दिवशी, आणि खरं सांगायचं तर आमचं पुढचं सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं, त्यावर येते.

इथे एक फटका थोडक्यात टळला. बिल ऑफ एंट्री भरायच्या आदल्या दिवशी सीएचएचा मुलगा फोनवर म्हणाला की मॅडम फ्रेट सर्टिफिकेट आलेलं नाही, तसंच भरू का. "तसंच" म्हणजे काय ते मी विचारलं म्हणून बरं झालं. एफओबी मालाला भाड्याचा पुरावा नसेल तर कस्टम्स एफओबीच्या २० टक्के भाडं धरतं आणि विम्याचा पुरावा नसेल तर एफओबीच्या १.१२५ टक्के विमा. आमच्या बाबतीत भाडं २,३६० च्या जागी ६,४०० डॉलर झालं असतं, विमा ४० च्या जागी ३६०. ड्युटी २८ हजार ७७६ रुपयांनी वाढली असती, किलोमागे १ रुपया ८० पैसे, एक कागद वेळेवर न आल्याबद्दल. मी फॉरवर्डरच्या मागे लागून संध्याकाळी साडेसातला सर्टिफिकेट मेलवर मिळवलं आणि विमा कंपनीची पॉलिसी जोडली. ज्यांचं खरं भाडं कमी असतं त्यांना हा वीस टक्क्यांचा फटका जोरात बसतो आणि एकदा भरलेली जास्तीची ड्युटी परत मिळवणं म्हणजे वेगळंच प्रकरण.

मग राहिले इकडचे खर्च. शिपिंग लाइनचे टर्मिनल आणि डिलिव्हरी ऑर्डरचे चार्जेस २४ हजार, सीएफएस १५,४२०, सीएचएचं बिल स्टॅम्प ड्युटी धरून ११ हजार, न्हावाशेवा ते भोसरी गाडीचं भाडं २३ हजार. एकूण ७३ हजार ४२०, सगळे जीएसटी सोडून. ही सगळी बिलं रुपयात, इथे डॉलर नाही.

बेरीज केली तर माल २४,९६,०००, भाडं १,९२,३४०, विमा ३,२००, ड्युटी २,२७,०४० आणि इकडचे ७३,४२०, एकूण बरोबर २९ लाख ९२ हजार. भागिले १६ हजार किलो, १८७ रुपये. १५६ च्या मालावर ३१ रुपये चढले, म्हणजे जवळपास वीस टक्के. आमचा "वर दहा टक्के" हा हिशोब निम्म्यानेच खोटा होता. किलोला ड्युटीच १४ रुपये १९ पैसे, भाडं १२ रुपये, इकडचे खर्च साडेचार. दहा टक्क्यांत नुसती ड्युटी आणि वर दीड रुपया बसतो. कधीकाळी जहाजाचं भाडं पाच-सातशे डॉलर होतं तेव्हासुद्धा तो कमीच पडत असणार, पण फरक लहान असल्यामुळे चालून गेलं.

आता परत त्या १९३ वर. १८७ तर सिद्ध झाला, पण सिस्टीमने १९३ का दाखवला? कारण मी जेव्हा ऑगस्टच्या शेवटी फरकाची एंट्री केली, १६ हजार किलो गुणिले १५ रुपये ४० पैसे, म्हणजे २ लाख ४६ हजार ४०० रुपये, तेव्हा गोडाऊनमध्ये १६ हजार किलो होतेच कुठे. जुना-नवा मिळून २० हजारांतला ९ हजार किलो शॉपला इश्यू होऊन गिअर होऊन चाकणला पोचलासुद्धा होता. शिल्लक ११ हजार. आणि सिस्टीमने अख्खे २ लाख ४६ हजार त्या उरलेल्या ११ हजार किलोवर लादले. १७०.६८ अधिक २२ रुपये ४० पैसे, १९३.०८. म्हणजे गेलेल्या ९ हजार किलोंनी आपला वाटा दिलाच नाही, तो मागे राहिलेल्यांच्या डोक्यावर आला.

त्यामुळे जुलै-ऑगस्टचे गिअर स्वस्तात बनले असं दिसत होतं आणि सप्टेंबरचे एकदम महागात. साहेब तर त्या महिन्यात खूश होते की ऑगस्टला मटेरियल कॉस्ट कमी आली. सप्टेंबरला तीच माणसं, तीच मशीन, तोच दाणा आणि कॉस्ट वर, मग शॉपवर विचारणा झाली असती की रिजेक्शन वाढलंय का, दाणा कुठे सांडतोय का. मोल्डिंगच्या पोरांनी काही न करता त्यांना उत्तरं द्यायला लागली असती. मला हे सगळ्यात जास्त लागलं.

दुरुस्ती तशी सोपी होती. बरोबर रेटने पहिल्यापासून सरासरी काढली असती तर ४ हजार किलो १६७ ने आणि १६ हजार १८७ ने, मिळून ३६ लाख ६० हजार, भागिले २० हजार, इश्यू रेट १८३. आम्ही लावला १७०.६८, म्हणजे किलोला १२ रुपये ३२ पैसे कमी. मग इश्यू झालेल्या ९ हजार किलोचे १ लाख १० हजार ८८० रुपये कन्झम्प्शनला, म्हणजे वापरलेल्या मालाच्या खर्चात, टाकले आणि उरलेल्या ११ हजारचे १ लाख ३५ हजार ५२० स्टॉकमध्ये. बेरीज परत २ लाख ४६ हजार ४००, रुपयाचाही फरक नाही. स्टॉकचा रेट १८३ झाला. पुढचा कंटेनर येईपर्यंत १८३ नेच माल गेला.

स्टोअरचे काका मात्र १८३ वर नाराज होते. त्यांचं म्हणणं, ताई मी आधीची पोती आधी काढतो, पहिली १६० पोती जुन्या लॉटची गेली ती १६७ ची होती, त्यांना १८३ कशाला? त्यांचं चूक नाही. फिफोने, म्हणजे आधी आलेला आधी गेला असं धरून, इश्यू केलं असतं तर पहिले ४ हजार १६७ ने आणि पुढचे ५ हजार १८७ ने, ९ हजार किलोचे १६ लाख ३ हजार झाले असते. वेटेड अॅव्हरेजने १६ लाख ४७ हजार. ४४ हजारांचा फरक, जो शेवटी उरलेल्या स्टॉकमध्ये जातो, बाहेर कुठे जात नाही. पण पोती कुठल्या क्रमाने काढायची आणि रेट कुठल्या पद्धतीने लावायचा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोती जुनी आधीच काढायची, ते बरोबरच आहे. रेटची पद्धत वर्षानुवर्षं एकच ठेवायची, आमची अॅव्हरेज आहे, एखाद्या महिन्यात बरं दिसतं म्हणून बदलायची नाही. मला स्वतःला वाटतं की डॉलर असा हलत असताना अॅव्हरेज बरी, कारण दर कंटेनरला गिअरची कॉस्ट उडी मारत नाही, पण कोटेशन देताना मात्र तिच्यावर विसंबू नये.

आणखी एक रक्कम होती जी मी १८७ मध्ये धरली नाही आणि त्यावरून साहेबांशी चांगलाच वाद झाला. आयजीएसटी धरून ड्युटीचे साडेसात लाखांच्या वर एकदम भरायचे होते आणि त्या आठवड्यात बँकेत पैसे नव्हते, चाकणचं पेमेंट यायचं होतं. सहा दिवस कंटेनर पडून राहिला. शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे त्यांचा कंटेनर जास्त दिवस ठेवल्याचे पैसे, सीएफएसचं जादा भाडं आणि ड्युटी उशिरा भरल्याचं व्याज मिळून २४ हजार गेले. किलोला दीड रुपया. साहेब म्हणाले हा खर्च याच मालासाठी झालाय ना, मग टाक यात. मी सरांना विचारलं, ते ठाम होते, डिटेन्शन, डेमरेज, दंड मटेरियलच्या किमतीत धरायचे नाहीत, कॉस्टिंगचा नियमच तसा आहे. आणि विचार केला तर पटतं. दाण्याची किंमत पैसे वेळेवर नव्हते म्हणून वाढत नाही. तो दीड रुपया इश्यू रेटमध्ये मिसळला असता तर पुढच्या वर्षी कुणाला दिसलाच नसता, आता नफा-तोट्यात "डिटेन्शन" म्हणून वेगळी ओळ दिसते आणि ती बघून साहेबांनी पुढच्या कंटेनरच्या वेळी जहाज लागायच्या आधी ड्युटीचे पैसे बाजूला काढले.

गिअरकडे येते. एका नगाला रनर, म्हणजे साच्याच्या नळीत उरणारं प्लास्टिक, धरून २० ग्रॅम दाणा लागतो, या पार्टमध्ये रनर दळून परत वापरायला कस्टमरची परवानगी नाही. १७०.६८ ने दाण्याचे ३ रुपये ४१ पैसे, १८३ ने ३ रुपये ६६. पंचवीस पैसे. आमच्या शीटप्रमाणे नगाला ४० पैसे सुटत होते, खरे सुटत होते १५. ९ हजार किलो म्हणजे साडेचार लाख गिअर, ते सगळे आम्ही ४० पैसे सुटतायत असं समजून विकले.

ऑक्टोबरमध्ये सप्लायरचे पैसे द्यायची तारीख आली तेव्हा बँकेने लावला ८२.५०. ३२ हजार डॉलरला २६ लाख ४० हजार, आपण बुक केले होते २४ लाख ९६ हजार. १ लाख ४४ हजार जादा. किलोला ९ रुपये. साहेबांनी कॅल्क्युलेटर समोर ठेवला आणि म्हणाले, म्हणजे दाणा १९६ ला पडला, तू १८७ काय म्हणतेस. पण हा चौथा भाव मालाच्या किमतीत येतच नाही, हा उधारी घेतल्यामुळे झालेला तोटा, एक्स्चेंज लॉस म्हणून नफा-तोट्यात वेगळा जातो. माल १६ जूनला घेतला, त्याच दिवशी पैसे दिले असते तर ७८ नेच गेले असते. चार महिने थांबलो त्याची ही किंमत. डॉलर उतरला असता तर फायदा झाला असता, तोही दाण्याला स्वस्त करायला वापरला नसता. तसंही त्या कंटेनरचा बहुतेक दाणा ऑक्टोबरपर्यंत संपला होता, तेव्हा हे ९ रुपये लावणार तरी कुठल्या पोत्याला?

साहेब त्यावर शांतपणे म्हणाले, ठीक आहे, पुस्तकात लावू नकोस, पण उद्या चाकणला जो रेट देणार आहे तो मी १८३ ने देऊ का? आणि इथे ते शंभर टक्के बरोबर होते. इश्यू रेट सांगतो वापरलेला दाणा केवढ्याला पडला होता. पुढचा गिअर ज्या दाण्याचा होणार तो अजून तैवानमध्ये आहे आणि तो येणार आजच्या डॉलरने. म्हणून आम्ही दोघांनी बसून पुढचा हिशोब ८३ ने केला, सगळीकडे एकच भाव धरून. सीआयएफ किलोला २.१५ डॉलर गुणिले ८३ म्हणजे १७८ रुपये ४५ पैसे, ड्युटी १४ रुपये ७२, इकडचे ४ रुपये ५९, एकूण १९७ रुपये ७६ पैसे. गिअरला दाण्याचे ३ रुपये ९६. म्हणजे जुन्या विक्री भावात ४० पैसे सुटायचं सोडाच, उलटे १४ पैसे आपल्या खिशातून जाणार होते. हेही तेव्हाच लक्षात आलं की डॉलर एक रुपयाने वाढला की आमचा दाणा दोन रुपयांनी नाही वाढत, २ रुपये ३३ पैशांनी वाढतो, कारण भाडंही डॉलरमध्ये आणि ड्युटीसुद्धा त्या वाढलेल्या रुपयांवरच लागते.

चाकणच्या खरेदीवाल्यांसमोर हे शीट घेऊन साहेब आणि मी दोघं गेलो. ते रॉ मटेरियलची भाववाढ देतात, पण कागद मागतात. त्यांनी बिल ऑफ एंट्री बघितली, भाड्याचं बिल बघितलं, डिटेन्शन कुठे घुसवलंय का तेही विचारलं, आणि नव्हतं. एक्स्चेंज लॉस मागितलात तर देणार नाही असं आधीच म्हणाले, तोही शीटमध्ये नव्हता. अर्ध्या तासात मान्य झालं, पण १ नोव्हेंबरपासूनच्या मालाला. मागचं काही मिळालं नाही. जुलैपासूनचे गिअर जुन्या भावाने गेले ते गेले. जुलैलाच जीआरएन नीट झाला असता तर आम्ही ऑगस्टमध्ये हे शीट घेऊन गेलो असतो.

आता कंटेनर यायच्या आधीच, बिल ऑफ एंट्री भरली की त्याच दिवशी मी अंदाजी लँडेड कॉस्ट, म्हणजे आमच्या गोडाऊनपर्यंतची किंमत, काढते: ड्युटी तर नक्की कळलेली असते, भाडं कोटेशनवरून, इकडचे खर्च मागच्या कंटेनरवरून. काकांना तोच रेट देते. बिलं आल्यावर फरक काढते आणि तोवर जेवढे किलो इश्यू झालेत त्यांचा वाटा कन्झम्प्शनला, उरलेल्यांचा स्टॉकला, हाताने वाटते, सिस्टीमवर सोडत नाही. डिसेंबरला आलेल्या कंटेनरला अंदाज आणि खरा यात ६० पैशांचा फरक आला, तोही गाडीच्या भाड्यामुळे.